कर्नाटकातल्या दहावीच्या नव्या नियमांची सूचना मराठी पालकांना कळेल अशी कशी लिहावी

कन्नडमधलं परिपत्रक घ्यायचं, शब्दाला शब्द लावून मराठी करायचं आणि फलकावर डकवायचं, हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. खानापूर, निपाणीकडचे पालक असली सूचना वाचून पुन्हा वर्गशिक्षकांनाच विचारायला येतात.

पहिल्याच ओळीत 'कर्नाटक एसएसएलसी, २०२५-२६ पासून' असं ठळक लिहा. आपल्याकडे घराघरांत कोल्हापूर-चंदगडचे पाहुणे असतात, मोबाईलवर महाराष्ट्राच्या दहावीचे मेसेज फिरतात, आणि तिथला ३५ गुणांचा नियम पालक आपल्या मुलाला लावून बसतात.

वर्षातल्या तीन परीक्षांवर एक ओळ पुरे. ती पद्धत २०२३-२४ पासूनच आहे.

खरी अडचण उत्तीर्णतेच्या अटीची. माझी लेखणी नेहमी इथंच अडायची, कारण अटी दोन आहेत आणि पालक एकच लक्षात ठेवतात. प्रत्येक विषयात किमान ३० टक्के हवेत, आणि सगळे मिळून ६२५ पैकी २०६, म्हणजे ३३ टक्के, हवेत. अंतर्गत गुण यात धरलेले आहेत. 'आता तीसला पास' ही बातमी गावभर होते आणि २०६ चा आकडा मागे राहतो. म्हणून नियमाच्या खाली हिशेब मांडाच:

मराठी प्रथम भाषा, १२५ पैकी ४०. बाकी पाच विषयांत १०० पैकी प्रत्येकी ३०, म्हणजे १५०. एकूण १९०. एकाही विषयात नापास नाही, तरी १६ गुण कमी पडले म्हणून मूल अनुत्तीर्ण.

त्याखाली उलटं उदाहरण द्या: एकूण ३००, पण गणितात २८. हेही अनुत्तीर्ण. दोन्ही उदाहरणं शेजारी शेजारी असली की नियम न वाचणारा पालकसुद्धा आकडे वाचतो. टक्केवारीची वाक्यं कितीही सोपी केली तरी हे काम करत नाहीत, हे माझं ठाम मत आहे.

अंतर्गत गुणांसाठी वेगळं वाक्य लिहा. प्रथम भाषेला लेखी १०० आणि अंतर्गत २५, इतर विषयांना ८० आणि २०. अंतर्गत गुण वर्षभराच्या कामातून मिळतात, त्यामुळे प्रकल्पवही राहिली असेल तर ती कोणत्या तारखेपर्यंत द्यायची हेही तिथंच सांगा. परीक्षा तोंडावर आल्यावर सांगून उपयोग नसतो.

'सुलभ झाली', 'सवलत मिळाली' असले शब्द सूचनेत नकोत. ते वाचून मुलं अभ्यास सैल सोडतात.

मुख्याध्यापकांची सही, परिपत्रकाचा क्रमांक व तारीख घाला. वर्गात मोठ्यानं वाचून दाखवा. खाली पालकांच्या सहीची चिठ्ठी जोडा, आणि जी परत येणार नाही त्या घरी फोन करून २०६ चा आकडा तोंडी सांगा.