ॲडच्या रिपोर्टमध्ये वय आणि जेंडरचा फरक दिसला, तर तो खरा आहे का हे कसं तपासायचं

दिवाळीच्या आधी नागपूरच्या महालमधल्या एका काकूंच्या घरगुती फराळाची ॲड मी फेसबुक-इन्स्टावर चालवत होतो. १४ दिवस, १२,००० रुपये, व्हॉट्सॲपवर मेसेज यावा एवढाच उद्देश, आणि एकूण मेसेज आले ९६, म्हणजे एक मेसेज १२५ रुपयांना पडला. रिपोर्ट पाठवल्यावर अर्ध्या तासात काकूंच्या मुलाचा फोन, "दादा, बायकांचा मेसेज ११२ ला पडतो अन् माणसांचा १५० ला, मंग माणसांना काहून दाखवून राह्यलो जी आपण?" प्रश्न एकदम रास्त आहे, आणि नव्वद टक्के लोक इथेच पुरुष बंद करून टाकतात. पण थांबा, आधी तपासू, दहा मिनिटांचं काम आहे.

आधी ॲड्स मॅनेजरमध्ये कॅम्पेन निवडून Breakdown मध्ये Age and gender घ्या आणि ते शीटमध्ये उतरवा. १८ पासून ६५+ पर्यंत वयाचे सहा गट, गुणिले दोन, म्हणजे १२ ओळी. unknown ची ओळ असते तिच्यात खर्च नगण्य असेल तर काढून टाका. आता नुसतं बघा, ९६ मेसेज १२ ओळींत वाटले तर एका ओळीला सरासरी आठच येतात. आठाचे अकरा व्हायला काय लागतं, तीन जणींना त्या दिवशी मोबाईल हातात घ्यायला वेळ मिळाला, बस. आणि तेवढ्याने त्या ओळीचा भाव १२५ वरून ९१ वर येतो! म्हणून मेसेजचा भाव बघायच्या आधी मेसेजची संख्या बघायची सवय लावा.

मग मुख्य हिशोब. समजा कोणत्याच गटात काही फरक नाहीये, तर ज्या गटावर खर्चाचा जितका हिस्सा गेला तितकाच मेसेजचा हिस्सा तिथून यायला पाहिजे. बायकांवर ७,२०० गेले होते म्हणजे ६० टक्के, मग ९६ चे ६० टक्के म्हणजे ५७.६ मेसेज अपेक्षित, आले ६४. साडेसहाच्या आसपास जास्त. आता हे साडेसहा मोठे की छोटे? नुसत्या योगायोगाने आकडा किती इकडे-तिकडे होतो तेही काढता येतं, एकूण मेसेज गुणिले हिस्सा गुणिले उरलेला हिस्सा, आणि त्याचं वर्गमूळ. इथे ते ४.८ येतं. फरक ६.४, भागिले ४.८, म्हणजे १.३३. शीटमध्ये C मध्ये खर्च, D मध्ये मेसेज आणि १४ व्या ओळीत बेरीज असेल तर दुसऱ्या ओळीत हे टाका आणि खाली ओढा:

```
=(D2-$D$14*C2/$C$14)/SQRT($D$14*(C2/$C$14)*(1-C2/$C$14))
```

उत्तर उणे २ आणि अधिक २ च्या मध्ये असलं तर त्याच्यावर पैसे हलवू नका. म्हणजे ११२ विरुद्ध १५० हा जो फरक डोळ्यांना इतका ठळक दिसत होता, तो १.३३, नुसत्या योगायोगानेही येऊ शकतो.

पण इथे एक जागा आहे जिथे मीही सुरुवातीला फसत होतो. २५-३४ च्या बायका, खर्च २,४०० आणि मेसेज २७, म्हणजे ८९ रुपयांना एक. फॉर्म्युला १.९९ देतो, म्हणजे खरं म्हणायचं का? नाही, कारण ही ओळ आपण बारा ओळींमधून सगळ्यात चांगली म्हणून उचललीये. कुठेच काही फरक नसला तरी बारा ओळींत एखादी २ च्या पलीकडे जायची शक्यता जवळपास निम्मी असते, त्यामुळे सगळ्या ओळी चाळून एक उचलत असाल तर ३ च्या खाली विश्वास ठेवू नका. दुसरी सोपी परीक्षा म्हणजे काळाचे दोन तुकडे करायचे. आपल्या या ८९ वाल्या ओळीत पहिल्या आठवड्यात १८ मेसेज आणि दुसऱ्यात ९, तर दर आठवड्याला अपेक्षा होती नऊ-दहाची. म्हणजे सगळी कमाल पहिल्या आठवड्यातली, दुसऱ्यात ती ओळ इतरांसारखीच झाली.

आता खरा फरक कसा दिसतो ते पण बघा. ५५ च्या वरचे सगळे, बायका-पुरुष मिळून, खर्च १,४४०, अपेक्षित साडेअकरा मेसेज, आला एक. फॉर्म्युला उणे ३.३ देतो आणि दोन्ही आठवड्यांत तेच, एकदा शून्य, एकदा एक. शिवाय कारणही समजण्यासारखं आहे, आपल्याकडे त्या वयाच्या बायका चकलीची भाजणी स्वतः भाजून गिरणीतून दळून आणतात, त्यांना विकतचा फराळ कशाला लागेल. आकडा, दोन्ही आठवडे आणि कारण, तिन्ही एका बाजूला आहेत, म्हणून हा गट मी बंद केला. (ॲडव्हांटेज प्लस ऑडियन्स चालू असेल तर वरच्या वयाची मर्यादा फक्त सुचवणी म्हणून धरली जाते, ते आधी बघून घ्या.)

फरक खरा निघाला तरी "महागडा गट बंद केला की सरासरी भाव खाली येईल" हे आपोआप होत नाही. मेटाची सिस्टीम कोणाला ॲड दाखवायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवत नाही, पुढचा मेसेज कुठे स्वस्तात मिळेल ते बघून पैसे सरकवते. बायकांमध्ये ज्यांना फराळ घ्यायचाच होता त्या लवकर संपल्या आणि पुढच्या बाईचा मेसेज १७० ला पडायला लागला, तर १५० चा पुरुष हाच स्वस्त सौदा. रिपोर्टमध्ये मात्र फक्त सरासरी दिसते, पुढचा मेसेज कितीला पडला असता ते नाही. पुरुष बंद केले असते तर त्यांचे ४,८०० बायकांवर गेले असते, पण ११२ च्या भावाने गेले असते असं मुळीच नाही.

आणि जेंडर म्हणजे अकाउंटवर जे लिहिलंय ते, घरात ठरवतं कोण ते नाही. काकूंच्या फोनवर ३५-४४ च्या एका माणसाचा मेसेज होता, "मिसेस विचारून राह्यली, अनारसे तुपातले आहे का?" तीन किलोची ऑर्डर झाली. रिपोर्टमध्ये हा गट २१३ रुपयांचा, ५५ च्या वरचे सोडले तर सगळ्यात वाईट म्हणावा असा (फॉर्म्युल्यात उणे १.८, म्हणजे तोही योगायोग असू शकतो).

तरी बायका-पुरुषांचं पक्कं जाणून घ्यायचंच असेल तर Experiments मध्ये A/B टेस्ट लावा, दोन्हीकडे सारखे पैसे. पण खर्च आधी काढून ठेवा. ११२ आणि १५० एवढा फरक बऱ्यापैकी खात्रीने पकडायला साधारण ४०० मेसेज लागतात, आपल्या १२५ च्या भावाने ५०,००० रुपये. काकूंच्या मुलाला मी हा आकडा सांगितला, तो म्हणाला "मंग राहू द्या जी, चालू द्या दोघांनाही", आणि दुसऱ्या दिवशी त्याने ९६ मेसेजपैकी किती जणांनी ऑर्डर दिली त्याची यादी वहीतून काढायला घेतली.