सपाट रेषा आणि उतरता वक्र: पूर्ण स्पर्धेच्या आकृतीत या चुका टाळा

पूर्ण स्पर्धेच्या प्रकरणात दोन आकृत्या शेजारी शेजारी असतात. डावीकडे संपूर्ण बाजाराची, तिथे मागणी वक्र उतरता. उजवीकडे एका उद्योगसंस्थेची, तिथे मागणीची रेषा क्ष-अक्षाला समांतर. असं का, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: कारण उद्योगसंस्था किंमत स्वीकारते. उत्तर चूक नाही, पण ती किंमत का स्वीकारते हा प्रश्न तसाच राहतो.

दोन्ही क्ष-अक्षांचं माप एकच समजणं

सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे. सोलापूरच्या बाजार समितीतला कांदा घ्या. हिशेबासाठी धरू, एका दिवसाची आवक ५०,००० क्विंटल आणि भाव २,००० रुपये क्विंटल. मागणीची लवचीकता ०.५ धरू, म्हणजे माल १ टक्का कमी आला तर भाव साधारण २ टक्के चढतो. आता मोहोळचा एक शेतकरी ५० क्विंटल कांदा घेऊन आलाय. त्याने चिडून सगळा माल परत नेला, तर बाजारातला माल ०.१ टक्का घटेल आणि भाव ०.२ टक्के, म्हणजे ४ रुपये वाढेल. २,००० चे २,००४. लिलावात बोली लावणाऱ्या व्यापाऱ्याला हा फरक जाणवणारही नाही.

नीट पाहिलं तर दर क्विंटलमागे भाव ८ पैशांनी हलतो. हा उतार बाजाराचा आहे आणि शेतकऱ्याचाही तोच आहे! फक्त बाजाराच्या आकृतीत क्ष-अक्ष ५०,००० पर्यंत जातो, शेतकऱ्याच्या आकृतीत ५० वर संपतो. त्या ५० क्विंटलच्या तुकड्यात रेषा जेमतेम ४ रुपये उतरते, आणि २,००० च्या मापावर ४ रुपये पेन्सिलीच्या जाडीत बुडून जातात. म्हणून आपण ती सपाट काढतो. लवचीकता मोजली तर शेतकऱ्यासाठी ती ०.५ भागिले ०.००१, म्हणजे ५०० येते. पुस्तकातली ‘अनंत’ लवचीकता हे याचंच टोक. खरं तर इथला भाव चढला की दुसरीकडचा मालही सोलापूरकडे वळू शकतो, त्यामुळे प्रत्यक्षातली रेषा याहूनही सपाट असते.

शेतकऱ्याच्या बाजूने पाहा. ५० पैकी १० क्विंटल त्याने मागे ठेवले, तर भाव ८० पैसे वाढेल. उरलेल्या ४० क्विंटलवर ३२ रुपये जास्त मिळतील, पण त्या १० क्विंटलचे २०,००० त्या दिवशी हातात येणार नाहीत. पण सगळ्यांनी मिळून १० टक्के माल रोखला, तर? आवक ४५,००० वर येईल, भाव ४०० रुपयांनी चढून २,४०० होईल, आणि एकूण विक्री १० कोटींवरून १० कोटी ८० लाखांवर जाईल. एकट्याचा तोटा आणि सगळ्यांचा फायदा, तोही एकाच उताराच्या रेषेवर. परीक्षेत पाच गुणांना ‘फरक स्पष्ट करा’ आलं, तर तक्त्यापेक्षा हा हिशेब लिहा.

सपाट रेषांची बेरीज करणं

अनेक जण विचारतात, हजार शेतकऱ्यांच्या आडव्या रेषा मिळवल्या तर बाजाराचा उतरता वक्र कसा येईल? येणारच नाही. बाजाराची मागणी म्हणजे ग्राहकांच्या मागणीची बेरीज, विक्रेत्यांच्या रेषांची नव्हे. प्रत्येकाची सपाट रेषा ‘बाकीच्यांनी आपापला माल तसाच आणला तर’ एवढ्या अटीवर उभी असते. सगळ्यांची रेषा एकत्र केली की ‘बाकीचे’ कुणी उरतच नाहीत, आणि अट कोसळते.

सपाट म्हणजे भाव स्थिर, असं धरणं

आवक दुप्पट झाली की भाव कोसळतो, हे बाजारात सगळे पाहतात. मग रेषा सपाट कशी? रेषा सपाटच राहते, पण अख्खी खाली सरकते. पातळी डावीकडच्या आकृतीत ठरते, तिथला मागणी-पुरवठ्याचा छेदबिंदू हलला की उजवीकडची रेषा हलते. म्हणून आकृती नेहमी डावीकडून सुरू करा आणि छेदबिंदूतून तुटक रेषा उजवीकडे न्या. त्या रेषेवर ‘सरासरी प्राप्ती = सीमांत प्राप्ती’ लिहायला विसरू नका.

चादरीचं उदाहरण देणं

सोलापूरचं म्हणून चादर लिहायचा मोह होतो. पण चादरीत वीण, नक्षी, रंग आणि कारखान्याचं नाव पाहून गिऱ्हाईक दहा-वीस रुपये जास्त देतं, म्हणजे कारखानदाराने भाव थोडा वाढवला तरी सगळी गिऱ्हाईकं जात नाहीत. त्याची मागणी रेषा उतरतीच असते. कांद्यातही प्रत पाहून एका ढिगाला १,८०० आणि दुसऱ्याला २,२०० मिळतात, पण तो वेगवेगळ्या मालाचा वेगवेगळा भाव झाला, रेषेचा उतार नव्हे. एकाच प्रतीच्या शेजारच्या ढिगाला २,००० मिळत असताना तुम्ही २,०५० मागितले, तर व्यापारी पुढच्या ढिगाकडे जाईल. आणि १,९५० ला द्यायचं कारणच नाही, कारण सगळा माल २,००० लाच खपतोय.