निबंधाची शब्दमर्यादा: शीर्षक, आकडे आणि अवतरणं धरायची की नाही?

स्पर्धेच्या पत्रकात ‘४५० ते ५०० शब्द’ एवढंच छापलेलं असतं. मग कोणीतरी सांगतं, ‘दहा टक्के कमीजास्त चालतं.’ हा सल्ला ऐकू नका. पत्रकात सवलत लिहिलेली नसेल तर ती नाही, असंच समजायचं. खरी अडचण वेगळीच असते: पाचशेमध्ये काय काय धरायचं, हे मागणाऱ्यानं सांगितलेलं नसतं.

आधी लेखी विचारा. फोनवर ‘हो, चालेल’ म्हणणारा माणूस परीक्षक असेलच असं नाही. प्रश्न असा विचारा की उत्तर हो किंवा नाही असंच यावं: ‘नमस्कार, ५०० शब्दांत शीर्षक, उपशीर्षकं, अवतरणं आणि तळटिपा धरायच्या का?’ उत्तर आलं तर तेवढंच पाळा.

बहुतेक वेळा उत्तर येत नाही, आणि लोक अडकतात ते इथेच. अशा वेळी एक आकडा काढून भागत नाही, दोन काढावे लागतात. पहिला मोठा: शीर्षकापासून तळटिपेपर्यंत सगळं धरून. दुसरा लहान: ज्यांच्याबद्दल वाद होऊ शकतो ते शीर्षक, उपशीर्षकं, अवतरणं आणि तळटिपा वगळून फक्त तुमची स्वतःची वाक्यं. मोठा आकडा वरच्या मर्यादेच्या आत हवा आणि लहान आकडा खालच्या मर्यादेच्या वर हवा. मग परीक्षक कसंही मोजोत, निबंध बाद होत नाही.

उदाहरण घेऊ. विषय गोदावरीचा पूर. पाणी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर चढलं यावरून नाशिककर पूर कसा मापतात, १९६९च्या पुराची आठवण, असा निबंध. वर्डमध्ये `Word Count` उघडल्यावर ५१२ दिसतात. त्याच चौकटीत तळटिपा धरण्याची खूण असते. ती केली की ५२६ होतात, म्हणजे तळटीप १४ शब्दांची. हा मोठा आकडा. आता एकेक भाग माउसनं निवडा, खालच्या पट्टीत त्याचे शब्द दिसतात. शीर्षक ४, चार उपशीर्षकं मिळून ११, घाटावरच्या एका आजोबांचं बोलणं ३८. हे ५३ शब्द ५१२ मधून वजा केले की उरतात ४५९. हा लहान आकडा.

लहान आकडा ठीक आहे, मोठा २६ नं जास्त आहे. बहुतेक जण इथे मजकुरातला एखादा परिच्छेद कापतात, आणि तसं अजिबात करू नका! मजकुरातून २६ शब्द गेले की लहान आकडा ४३३ वर येतो, म्हणजे एका संकटातून सुटून दुसऱ्यात. कात्री चालवायची ती वादाच्या भागावरच. तळटीप काढली, ५१२ झाले. दोन उपशीर्षकांचे ५ शब्द गेले, ५०७. आजोबांचं बोलणं अर्थ न बिघडवता १० शब्दांनी आटोपतं घेतलं, ४९७. मूळ मजकूर ४५९ वर तसाच राहिला. मात्र अवतरण कापताना मधला भाग गाळला तर तिथे टिंबं द्या. दुसऱ्याच्या तोंडचे शब्द गुपचूप बदलायचे नाहीत.

आकड्यांचा घोळ याहून बारीक आहे. वर्ड दोन मोकळ्या जागांमध्ये जे काही असेल त्याला एक शब्द धरतो. त्यामुळे ‘१९६९च्या’ हा एक शब्द, पण ‘१९६९ च्या’ हे दोन. ‘१५/८/१९४७’ एक, ‘१५ ऑगस्ट १९४७’ तीन. दोन्ही बाजूंना जागा सोडलेली एकटी रेघ किंवा ओवीतला सुटा दंडसुद्धा शब्द म्हणून मोजला जातो. यादीचे क्रमांक वर्डनं आपोआप घातले असतील तर ते मोजणीत येत नाहीत, तुम्ही हातानं ‘१.’ टाइप केलंत तर येतात. एक पद्धत ठरवा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. संख्या कमी दिसावी म्हणून शब्द एकमेकांना चिकटवणं तर मला मुळीच पटत नाही. हातानं मोजणाऱ्या परीक्षकाला ते पहिल्याच ओळीत दिसतं.

गूगल डॉक्समध्ये लिहीत असाल तर तिथली मोजणी तळटिपा धरत नाही. त्या वेगळ्या मोजून मिळवा.

फाइल पाठवताना ईमेलमध्ये एक ओळ लिहा: ‘शब्दसंख्या ४९७, शीर्षक, उपशीर्षकं आणि अवतरणासह, ती वगळून ४५९.’ ही ओळ निबंधाच्या खाली टाकू नका, नाहीतर तीही मोजली जाईल.