पहिला शोधनिबंध कोणता आणि कधीचा : सूची उघडण्यापूर्वीची तयारी

शास्त्रज्ञाच्या पहिल्या प्रकाशित शोधनिबंधाचे शीर्षक आणि तारीख शोधायला बसण्यापूर्वी, नेमके काय सापडले म्हणजे शोध संपला असे मानायचे, हे एका कागदावर लिहून ठेवावे. हा निर्णय आधी झाला नाही तर सूचीतील एकाच पानावरून दोन अभ्यासक दोन वेगळी उत्तरे घेऊन उठतात आणि दोघेही आपल्या परीने बरोबर असतात. श्रीनिवास रामानुजन यांचे उदाहरण घेऊ. जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या १९११ च्या तिसऱ्या खंडात त्यांचे नाव दोन निरनिराळ्या सदरांत येते. पृष्ठ ४३ वर त्यांनी वाचकांपुढे सोडवण्यासाठी ठेवलेले प्रश्न आहेत, तर पृष्ठ २१९ पासून बर्नुली संख्यांच्या काही गुणधर्मांवरचा त्यांचा निबंध सुरू होतो. खंडाची पृष्ठे सलग क्रमांकाची असल्यामुळे प्रश्न आधी छापले गेले हे तारखा न पाहताही कळते. तरीही पहिला शोधनिबंध म्हणून बर्नुली संख्यांवरच्या निबंधाचीच नोंद करावी लागेल, कारण प्रश्न म्हणजे निबंध नव्हे. माझ्या मते ‘छापून आलेला पहिला मजकूर’ आणि ‘पहिला शोधनिबंध’ अशा दोन ओळी टिपणात कायमच्या ठेवाव्यात आणि दोन्ही भराव्यात. पत्रे, प्रश्न, पुस्तक-परीक्षणे आणि संस्थेच्या सभेचे वृत्तांत पहिल्या ओळीत जातील, तर स्वतंत्र शीर्षकाखाली लेखकाच्या नावाने आलेले संशोधन दुसऱ्या ओळीत.

लेखनाचा काळ आणि प्रकाशनाचा काळ यांतील फरकही याच कागदावर नोंदवावा. अल्बर्ट आइनस्टाइन यांनी १८९५ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, चुंबकीय क्षेत्रातील ईथरच्या अवस्थेवर एक टिपण लिहून आपल्या मामांना पाठवले होते, पण ते छापले गेले १९७१ मध्ये. चरित्रात्मक लेखनात त्याला पहिला निबंध म्हटलेले आढळते आणि लेखनक्रमाच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही. प्रकाशनाचा क्रम शोधणाऱ्याने मात्र ते बाजूला ठेवायचे असते.

यानंतर नावाचे टिपण करावे. सूचीत बहुधा आडनाव आणि आद्याक्षरे एवढेच असते, म्हणून त्या व्यक्तीचे नाव ज्या ज्या रूपांत छापले गेले असेल ती सर्व रूपे आणि जन्मवर्ष एकत्र लिहून ठेवावे. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर आणि शिवरामकृष्ण चंद्रशेखर हे दोघेही भौतिकशास्त्रज्ञ, दोघेही चंद्रशेखर वेंकट रामन यांचे भाचे-पुतणे आणि सूचीत दोघेही ‘एस. चंद्रशेखर’. पहिले ताऱ्यांच्या रचनेवरील कामासाठी ओळखले जातात, दुसरे द्रव स्फटिकांवरील कामासाठी. पहिल्यांचा जन्म १९१० चा आणि दुसऱ्यांचा १९३० चा, एवढे टिपणात असले तरी १९२८ ची नोंद कोणाची हे क्षणात ठरते. शिवरामकृष्ण यांचा पहिला निबंध शोधणाऱ्याला मात्र वर्षावरून काही ठरवता येणार नाही, कारण १९५० च्या आसपास दोघेही लिहीत होते. तिथे विषय आणि संस्थेचा पत्ता पाहावाच लागतो. दक्षिण भारतीय नावांत वडिलांचे किंवा गावाचे नाव आडनावाच्या जागी बसलेले असू शकते, म्हणून नाव उलटसुलट करूनही पाहण्याची तयारी ठेवावी.

शोधाची सुरुवात कोणत्या वर्षापासून करायची हेही आधी ठरवावे आणि ती डॉक्टरेटच्या वर्षापासून कधीही करू नये. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचा प्रोसीडिंग्ज ऑफ द रॉयल सोसायटीतील कॉम्प्टन विकिरणावरचा १९२९ चा निबंध सहज सापडतो, कारण ते नियतकालिक सर्वत्र सूचीबद्ध आहे. परंतु त्याच्या आधीच, १९२८ मध्ये, मद्रासला विद्यार्थी असताना, ताऱ्यांच्या अंतर्भागाच्या संदर्भात कॉम्प्टन परिणामाच्या ऊष्मागतिकीवरचा त्यांचा निबंध इंडियन जर्नल ऑफ फिजिक्सच्या तिसऱ्या खंडात पृष्ठ २४१ वर आला होता. म्हणजे ज्या देशात, ज्या संस्थेत त्या व्यक्तीचे शिक्षण झाले, तिथल्या नियतकालिकांची यादी हाताशी नसेल तर मोठ्या सूचीतून मिळालेले ‘पहिले’ उत्तर हे बहुतेक वेळा दुसरे किंवा तिसरे असते. जन्मानंतर पंधरा-सोळा वर्षांनी शोधाची खिडकी उघडावी, असे मी सुचवेन.

आता सूचींची निवड. प्रत्येक सूचीच्या नावापुढे ती कोणत्या वर्षांपुरती आहे हे लिहिले नसेल तर तिच्यात नोंद न सापडण्याला काहीच अर्थ उरत नाही. रॉयल सोसायटीच्या वैज्ञानिक निबंधांच्या सूचीत १८०० ते १९०० या काळातील निबंध लेखकाच्या नावाने लावलेले आहेत आणि तिचे १९ खंड १८६७ ते १९२५ या दरम्यान निघाले. पुढे १९०१ पासूनच्या वाङ्मयासाठी इंटरनॅशनल कॅटलॉग ऑफ सायंटिफिक लिटरेचर आहे, तोही १९१४ च्या वाङ्मयापर्यंतच. या दोहोंच्या सांध्यावर ज्यांची कारकीर्द सुरू झाली त्यांच्यासाठी दोन्ही सूची हाताशी हव्यात. सारांश-नियतकालिके पूरक म्हणून उपयोगी पडतात, पण त्यांच्या खंडावरील वर्ष हे सारांश छापल्याचे असू शकते आणि मूळ निबंध त्याच्या एखाद वर्ष आधीचा निघतो.

या सांध्याची अडचण आइनस्टाइन यांच्या पहिल्या प्रकाशित निबंधात स्पष्ट दिसते. हा निबंध केशाकर्षणाच्या घटनांवरून निघणाऱ्या निष्कर्षांवर आहे आणि तो अनालेन डेर फिजिक या जर्मन नियतकालिकात आला. निबंधाखाली लेखकाने झ्यूरिक, १३ डिसेंबर १९०० अशी तारीख घातली आहे. संपादकांकडे तो पोहोचल्याची नोंद १६ डिसेंबर १९०० ची आहे. अंक निघाला १ मार्च १९०१ रोजी. एखाद्या टिपणात ‘१९०० चा निबंध’ असे वाचून जो १९०० पर्यंतची सूची उघडेल त्याला तो तिथे मिळणार नाही, कारण सूची प्रकाशनाचे वर्ष मानते. म्हणून टिपणाच्या कागदावर तारखेसाठी एक रकाना पुरत नाही. लेखकाने घातलेली तारीख, प्राप्तीची तारीख आणि अंकाची तारीख असे तीन रकाने आखावेत आणि उत्तर म्हणून अंकाचीच तारीख द्यावी. बांधणी करताना ग्रंथालये अंकांची मुखपृष्ठे पुष्कळदा काढून टाकतात आणि अंकाची नेमकी तारीख त्यांच्याबरोबर जाते. अशा वेळी महिना किंवा वर्ष एवढेच लिहावे, प्राप्तीची तारीख त्या जागी बसवू नये.

शीर्षक शोधताना मूळ वर्णलेखन जसेच्या तसे हवे. या निबंधाचे शीर्षक `Folgerungen aus den Capillaritätserscheinungen` असे छापले गेले. त्यातील दुसरा मोठा शब्द आज जर्मनमध्ये `Kapillaritätserscheinungen` असा लिहितात, कारण १९०१ च्या शुद्धलेखन परिषदेनंतर अशा परकीय शब्दांत C ऐवजी K लिहिण्याची रीत रूढ झाली. K ने शोधणाऱ्याला रिकामे पान दिसू शकते आणि C ने शोधणाऱ्याला निबंध मिळतो. ज्या यंत्रणा ä हे अक्षर ओळखत नाहीत तिथे तो साधा a किंवा ae असा देऊन पाहावा लागतो. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे शीर्षकाऐवजी लेखक आणि वर्षांची खिडकी देणे. नासाच्या खगोलभौतिकी डेटाबेसमध्ये त्यासाठी पुढील ओळ चालते, ज्यातील ^ या खुणेमुळे प्रथम लेखक म्हणून नाव असलेल्याच नोंदी येतात.

```
author:"^Einstein, A" year:1895-1902
```

ही खूण सोयीची असली तरी तिच्यामुळे सहलेखक म्हणून लिहिलेला निबंध गळतो. म्हणून तीच ओळ खुणेशिवाय पुन्हा चालवावी आणि पहिल्या निबंधात सहलेखन ग्राह्य धरायचे की नाही हे सुरुवातीच्या कागदावर लिहिलेले असावे. निकाल तारखेनुसार लावताना आणखी एक सावधगिरी हवी : महिना ठाऊक नसल्यास काही डेटाबेस महिन्याच्या जागी 00 घालतात किंवा सरळ जानेवारी धरतात, त्यामुळे नोव्हेंबरचा निबंध मार्चच्या वर येऊन बसतो. एकाच वर्षात दोन नोंदी असतील तर क्रमवारीवर विसंबू नये.

खंडक्रमांकाचा घोळ वेगळाच. आइनस्टाइन यांच्या या निबंधाचा संदर्भ जुन्या लेखनात ‘चौथी मालिका, खंड ४, पृष्ठ ५१३ ते ५२३’ असा मिळतो, तर प्रकाशकाच्या संकेतस्थळावर तोच निबंध ‘खंड ३०९, अंक ३’ असा आहे, कारण तिथे सर्व मालिकांचे खंड सलग मोजले आहेत. पृष्ठक्रमांक आणि वर्ष दोन्हीकडे सारखे आहेत, त्यावरूनच हे दोन वेगळे निबंध नाहीत हे ओळखता येते. मालिका बदलणाऱ्या कोणत्याही नियतकालिकासाठी दोन्ही क्रमांक टिपून ठेवावेत आणि मालिका लिहिल्याशिवाय खंडक्रमांक कधीच लिहू नये, कारण ‘खंड ४’ प्रत्येक मालिकेत एकेक असतो.

सूचीतील नोंद मिळाली म्हणजे निबंध पाहिला असे होत नाही. निबंधाचे पहिले पान, शेवटचे पान आणि खंडाचे शीर्षकपृष्ठ, एवढी तीन पाने चित्ररूपाने किंवा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय शीर्षक अंतिम समजू नये. सूचीकार शीर्षक आखडतात, कधी अनुवाद करतात, कधी उपशीर्षक गाळतात. लेखकाची तारीख आणि प्राप्तीची नोंद तर आइनस्टाइन यांच्या या निबंधासारखी पुष्कळदा निबंधाच्या शेवटीच असते आणि सूचीत ती येत नाही.

शेवटचा रकाना ठेवायचा तो न सापडलेल्या गोष्टींचा. ‘याआधीचे काही नाही’ हे विधान तपासलेल्या सूचींच्या मर्यादेतच खरे असते, म्हणून कोणती सूची, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, नावाच्या कोणत्या रूपांनी पाहिली आणि कोणत्या नियतकालिकांचे खंड पानोपान चाळले, हे त्या रकान्यात लिहावे. चंद्रशेखर यांच्या बाबतीत ज्याने रॉयल सोसायटीच्या प्रकाशनांपुरताच शोध घेतला आणि तसे नमूद केले, त्याचे १९२९ हे उत्तर अपुरे असले तरी फसवे नाही. पुढचा अभ्यासक तो रकाना वाचून थेट इंडियन जर्नल ऑफ फिजिक्सच्या तिसऱ्या खंडाकडे जाऊ शकतो.