बोलता बोलता इंग्रजी सुधारून देताय? या चुका टाळा

मित्राला, बहिणीला किंवा सहकाऱ्याला इंग्रजी बोलायचा सराव हवा असतो आणि तुम्ही रोज थोडा वेळ त्यांच्याशी गप्पा मारायचं कबूल करता. समोरचा सांगू लागतो, "येस्टरडे आय हॅड गॉन टू द स्टेशन अँड आय हॅड लॉस्ट माय फोन." आता काय कराल?

पहिली चूक इथेच होते. "हॅड गॉन नाही, वेंट म्हण," असं म्हणून आपण त्याला थांबवतो. तो "वेंट" म्हणतो खरा, पण फोनचं काय झालं ते सांगायचं राहून जातं. दोन-तीनदा असं झालं की तो आधी मनात वाक्य जुळवतो आणि मगच तोंड उघडतो. वाक्यं आखूड होऊ लागली, वाक्यामागून तो तुमच्या चेहऱ्याकडे बघू लागला, की समजा तुम्ही फार टोकताय.

म्हणून बरेच जण दुसरी वाट धरतात. त्याचंच वाक्य बरोबर करून सहज परत म्हणायचं. भाषाशिक्षणात याला रीकास्ट म्हणतात. पद्धत चांगली आहे, पण ती नीट वापरली नाही तर समोरच्याला कळतच नाही की आपली चूक दाखवली गेली. कॅनडातल्या फ्रेंच इमर्शन वर्गांवर, म्हणजे जिथे इतर विषयही फ्रेंचमधूनच शिकवतात अशा वर्गांवर, रॉय लिस्टर आणि लीला रांटा यांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यात शिक्षक सर्वांत जास्त रीकास्टच वापरताना दिसले आणि विद्यार्थ्यांनी चुकीची दखल घेऊन प्रतिसाद देण्याचं प्रमाण मात्र त्यातच सर्वांत कमी होतं. ऐकणाऱ्याला वाटतं, हा माझ्या बोलण्याला दुजोरा देतोय.

आपल्या उदाहरणात बघा. तुम्ही म्हणालात, "ओह, सो येस्टरडे यू वेंट टू द स्टेशन अँड यू लॉस्ट युअर फोन देअर, दॅट्स टेरिबल." तो म्हणणार, "येस, येस." झालं! दुरुस्ती लांबलचक वाक्यात बुडाली आणि "येस"वरून त्याच्या कानावर काय पडलं ते तुम्हाला कळलं नाही. त्याऐवजी एकच तुकडा उचला: "यू लॉस्ट युअर फोन?" "लॉस्ट"वर किंचित जोर द्या आणि लगेच विचारा, "व्हॉट हॅपन्ड नेक्स्ट?" हो-नाहीत उत्तर देता येईल असा प्रश्न नको. पुढची हकिगत सांगताना त्याला भूतकाळ वापरावाच लागेल. "आय वेंट टू द पोलीस," आलं तर दुरुस्ती पोचली. "आय हॅड गॉन टू द पोलीस," आलं तर नाही पोचली. तेव्हा पुन्हा टोकू नका, कागदावर एक खूण करा आणि ऐकत राहा.

"हॅड"ची ही चूक येते कुठून, हे तुम्हाला ठाऊक असायलाच हवं. आपण "काल मी स्टेशनवर गेलो होतो" असं अगदी सहज म्हणतो आणि त्या "होतो"चं "हॅड" होतं. इंग्रजीत नुसती घडलेली गोष्ट सांगायला साधा भूतकाळ पुरतो. भूतकाळातल्या एका घटनेच्या आधी दुसरी घडून गेली होती हे दाखवायचं असेल, तर "हॅड" लागतो.

यातूनच तिसरी चूक होते आणि ती मला सगळ्यात घातक वाटते. दर वेळी "हॅड" खोडत गेलात, तर तो "हॅड"लाच घाबरू लागतो. मग "व्हेन आय रीच्ड, द ट्रेन लेफ्ट," म्हणतो. यातून ऐकणाऱ्याला वाटतं, हा पोचला आणि तेवढ्यात गाडी सुटली. त्याला सांगायचं असतं की गाडी आधीच सुटली होती, म्हणजे "हॅड लेफ्ट." म्हणून त्याच्या तोंडून योग्य जागी "हॅड" आला, की तो आवर्जून उचलून म्हणा: "राइट, इट हॅड ऑलरेडी लेफ्ट."

एका गप्पांत एकाच प्रकारची चूक धरा. "हॅड"चा दिवस असेल तर "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स" किंवा "सिन्स टू इयर्स" त्या दिवशी सोडून द्या. उच्चाराचंही तेच. शब्द कळलाच नाही तर "सॉरी, व्हॉट वॉज दॅट?" विचारा, कारण खरी अडचण सांगितली तर गप्पा तुटत नाहीत. कळला असेल तर पुढे चला.

हकिगत संपली की कागद काढा. खुणा केलेली दोन वाक्यं त्याने म्हटली तशीच वाचून दाखवा आणि बरोबर काय ते त्यालाच सांगू द्या. जमलं तर त्याला नियम येतोय, फक्त बोलण्याच्या वेगात सुटतोय, म्हणजे सराव वाढवायचा. नाही जमलं, तर "गेलो" आणि "गेलो होतो" यांच्या जोड्या घेऊन मराठीतच पाच मिनिटं समजावून सांगा. मग तीच फोनची गोष्ट त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावा आणि या वेळी मध्ये काहीच बोलू नका.