जर्सीवरचा नंबर बदलताना या चुका टाळा: पुसलेला ७ नव्या १४ मध्ये दिसतो तेव्हा

भातकापणी झाली की आमच्या डिचोली-सत्तरी भागातल्या शेतांत गोलपोस्ट उभे राहतात आणि माझ्या दुकानात बॅनरची कामे सुरू होतात. त्यांतले एक काम दरवर्षी ठरलेले असते. फोटो गेल्या मोसमातला, खेळाडू तोच, पण यंदा त्याचा नंबर वेगळा. "पात्राव, सातचा चौदा करायचा, पाच मिनिटांचं काम!" असे क्लबचा सेक्रेटरी सांगतो. पाच मिनिटांत केलेला चौदा कसा दिसतो, हे रस्त्यावरच्या कितीतरी बॅनरवर पाहायला मिळते. छातीवर स्टिकर चिकटवल्यासारखा.

यंदाचेच उदाहरण घेतो. फोटो कॅमेऱ्यातला, ३००० बाय ४५०० पिक्सेलचा. गोल मारून दोन्ही हात वर केलेला, अर्धा वळलेला खेळाडू आपल्याला पाठीकडून दिसतो. गडद निळी जर्सी, तिच्यावर पांढरा ७, वर देवनागरीत वाड्याचे नाव. नंबरची उंची फोटोत सुमारे ६०० पिक्सेल, प्रत्यक्षात असेल २५ सेंटिमीटर. म्हणजे कापडाचा एक सेंटिमीटर फोटोत २४ पिक्सेलचा झाला. हा हिशेब आधी करून ठेवा, पुढे लागणार आहे.

फोटोशॉपमध्ये नव्या अक्षरांना कापडाच्या चुण्या द्यायला Filter > Distort > Displace वापरतात. जर्सीच्या काळ्या-पांढऱ्या प्रतीची वेगळी PSD फाइल, म्हणजे नकाशा, त्याला द्यायची. नकाशातल्या उजेड-सावलीप्रमाणे तो अक्षरांचे पिक्सेल सरकवतो. पद्धत सगळ्यांना माहीत असते. घोटाळा होतो तो नकाशा कशाचा केला, इथे.

नकाशा मूळ फोटोवरून करू नका

सर्वांत जास्त दिसणारी चूक ही. मूळ फोटो उघडला, काळा-पांढरा केला, सेव्ह केला, झाला नकाशा. पण त्यात तो पांढरा ७ अजून बसलेला आहे. काळा ० आणि पांढरा २५५ या मापात निळ्या कापडाचा उजेड ४० आणि सातचा २३० असेल, तर सातची कड ही फिल्टरच्या दृष्टीने जर्सीवरची सर्वांत मोठी घडी ठरते. खऱ्या चुण्या तिच्यापुढे काहीच नाहीत. मग नवा १४ नेमका जुन्या सातच्या कडेवर तुटतो. चारच्या आडव्या दांडीत तिरका छेद दिसतो आणि खाली जर्सी स्वच्छ पुसलेली असूनही ७ चे भूत वर येते. असा छेद दिसला तर चारशी झटापट करू नका, नकाशा उघडून पाहा. सात तिथेच सापडेल.

म्हणून क्रम असा: आधी वेगळ्या लेअरवर जुना नंबर पुसायचा आणि मग त्या पुसलेल्या जर्सीवरूनच नकाशा बनवायचा. पुसताना कंटेंट-अवेअर फिलवर पूर्ण भिस्त ठेवू नका. तो चुणीचा एकच तुकडा दोन-तीनदा चिकटवतो. मी चुणी जिकडे वाहते तिकडे क्लोन स्टॅम्प ओढतो, एका बाजूची घडी सातच्या आरपार नेऊन दुसऱ्या बाजूच्या घडीला जोडतो.

आणि पुसण्याआधी सातची नीट उलटतपासणी करा. निळ्या कापडावर न दिसणाऱ्या चुण्या पांढऱ्या नंबरवर स्पष्ट दिसतात. कुठली घडी कुठून आली, उन्हातला पांढरा किती उजळ आणि घडीतला किती काळवंडलेला, हे सगळे सातनेच सांगून ठेवलेले असते. इथे उन्हात २३० आणि खोल घडीत १४५ भरला. मी हे दोन आकडे कागदावर लिहून ठेवतो आणि मूळ लेअर कधीच फेकत नाही.

फोटो व्हॉट्सॲपवरून आला असेल तर आणखी एक त्रास. जेपेग फोटो ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकटींत दाबला जातो. नकाशाचा कॉन्ट्रास्ट वाढवला की त्या चौकटी वर येतात आणि नंबरच्या कडेला पायऱ्या पडतात. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. दहांतले आठ जण तरीही साधाच पाठवतात, ते सोडा.

नंबर वाकत नाही, नुसता सरकतो

ही तक्रार मला शिकाऊ मुलांकडून हमखास ऐकायला मिळते. "आकडा वाढवला तरी चुण्या येत नाहीत, नंबरच तिरका पळतो." कारण साधे आहे. नकाशात १२८ हा करडा म्हणजे 'हलू नको'. त्याहून काळे असेल तर एका बाजूला सरक, उजळ असेल तर उलट्या. स्केल १०० दिले तर जास्तीत जास्त १२८ पिक्सेल सरकतो, १० दिले तर १३ च्या आसपास.

आता आपली निळी जर्सी पाहा. तिचे सगळे कापड २० ते ६० च्या मध्ये, सरासरी ४०. म्हणजे प्रत्येक पिक्सेल १२८ पासून लांब आणि एकाच बाजूला. स्केल १० ला अख्खा नंबर सुमारे ९ पिक्सेल आडवा आणि तेवढाच उभा सरकतो. चुणी आणि सपाट कापड यांच्यात फरक पडतो तो जेमतेम दोन पिक्सेलचा. तो कोणाला दिसणार?

उपाय लेव्हल्समध्ये आहे. पुसलेल्या जर्सीचा निळा चॅनल घ्या, कारण निळ्या कापडाचा तपशील तिथे जास्त असतो. लाल चॅनल जवळजवळ काळा आणि दाणेदार निघतो. त्याची वेगळी फाइल करा. मग लेव्हल्स ओढून सपाट कापड १२८ जवळ आणा, घडीची सावली ६० पर्यंत, उजेड २०० पर्यंत. फोटो रॉ असेल तर हे १६ बिटमध्ये करा, नाहीतर एवढे ताणल्यावर पट्टे पडतात. त्यानंतर गॉसियन ब्लर. कापडाची जाळी पुसली जाईल आणि घडी राहील इतकाच; इथे ४ पिक्सेल पुरले. ब्लर न करता गेलात तर नंबरची कड वाळवीने खाल्ल्यासारखी होते. १५ पिक्सेल केलात तर घडी वाहून जाते आणि नंबर पाण्यात हलल्यासारखा दिसतो.

या नकाशावर स्केल १५ दिले तेव्हा नंबर दोन्ही दिशांना दहा-दहा पिक्सेल हलला, म्हणजे खऱ्या कापडावर ४ मिलिमीटर. घामाने भिजलेल्या जर्सीच्या चुणीला हे पटण्यासारखे आहे. ५० देऊन पाहणाऱ्यांनी कापडावर दीड दीड सेंटिमीटरच्या उड्या मारून घेतल्या, हे लक्षात घ्यावे. घडी उलटी वाटली, म्हणजे नंबर खड्ड्याऐवजी उंचवट्यासारखा वाकला, तर उणे १५ द्या. फिल्टरला उंच-सखल काही कळत नाही, त्याला फक्त उजेड कळतो. ऊन डावीकडून असेल तर चुणीची डावी बाजू 'उजळ' आणि उजवी 'काळी', दोन्हींची उंची मात्र सारखीच.

नकाशा क्रॉप करू नका. त्याचा आकार फोटोएवढाच, ३००० बाय ४५००, असू द्या. नाहीतर फिल्टर त्याला ताणून बसवतो आणि खांद्याची घडी कमरेवर येते.

जे Displace करू शकत नाही

खेळाडू अर्धा वळलेला आहे, तर नंबरची लांबची बाजू अरुंद दिसायला हवी. हे काम फिल्टरचे नाही. आधी Edit > Transform > Warp ने नंबर पाठीच्या गोलाईवर बसवा आणि मग Displace चालवा. उलट क्रमाने केले तर आलेल्या चुण्याही वॉर्पबरोबर हलतात आणि खालच्या घड्यांशी जुळत नाहीत.

दुसरी गोष्ट खोल घडीची. हात वर केले की काखेपासून पाठीच्या कण्याकडे एक घडी येते, तिच्यात कापड आत दुमडते. त्या दुमडीत नंबरचा थोडा भाग चक्क गायब असतो. फिल्टर पिक्सेल सरकवतो, लपवत नाही. म्हणून नंबर त्या रेषेवर कापून दोन लेअर करायचे, खालचा तुकडा ८-१० पिक्सेल वर सरकवून घडीखाली ढकलायचा आणि जास्तीचा भाग मास्कने झाकायचा. चारची उभी दांडी तिथे किंचित तुटलेली दिसली पाहिजे. माझ्या मते फोटो खरा वाटतो तो याच एका तुटीमुळे, आणि बहुतेक जण हीच पायरी गाळतात.

पांढऱ्या नंबरला Multiply लावला की नंबरच नाहीसा

काळ्या अक्षरांना चालणारी युक्ती इथे चालत नाही. Multiply मध्ये पांढरा म्हणजे काहीच नाही. नंबरचा लेअर Normal ठेवा, रंग शुद्ध पांढरा न घेता सातने सांगितलेला २३० घ्या. वर पुसलेल्या जर्सीची काळी-पांढरी प्रत ठेवून ती नंबरला क्लिप करा आणि तिला Multiply द्या. या प्रतीत मात्र सपाट कापड १२८ नको, पांढऱ्याजवळ हवे, नाहीतर सगळा नंबर अर्ध्याने काळवंडतो. सर्वांत खोल घडीत १४५ येईपर्यंत ओपॅसिटी कमी-जास्त करा.

जाळी किती दिसू द्यायची, हे छपाईवर आहे. सब्लिमेशनची शाई पारदर्शक असते, त्यामुळे त्या जर्सीवरचा पांढरा आकडा म्हणजे न छापलेले कापडच. त्याच्यात वीण दिसायलाच हवी. हीटप्रेसने चिकटवलेला व्हिनाइल नंबर असेल तर वीण जवळजवळ दिसत नाही आणि घड्या थोड्या ताठ, टोकदार पडतात.

वाड्याचे नाव

देवनागरीत चूक लपत नाही, कारण शिरोरेषा. इंग्रजी अक्षर दोन पिक्सेल वर-खाली झाले तर डोळा माफ करतो. शिरोरेषा म्हणजे ताणलेली दोरी, तिला आलेला प्रत्येक झोल दिसतो. म्हणून नावाला मी नंबरपेक्षा कमी स्केल देतो, इथे ८. अक्षरांतले अंतर वाढवायला ट्रॅकिंग वापरू नका, शिरोरेषेला फटी पडतात. नाव रुंद हवे असेल तर रुंद फॉन्ट घ्या. वेलांटी किंवा जोडाक्षर फुटून येत असेल तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये World-Ready Layout चालू आहे का ते पाहा, आणि हे सगळे मजकूर रास्टराइज करण्याआधी. Displace नंतर स्पेलिंग सुधारायची सोय नाही.

शेवटी फोटो १०० टक्क्यांवर पाहायचा, मग बोटाएवढा लहान करून पाहायचा. यंदा दोन्ही पाहिले, चौदा अगदी बसला होता. सेक्रेटरी आला, स्क्रीनकडे पाहून खूश झाला, आणि मग त्याने बोट ठेवले ते चड्डीवर. उजव्या मांडीवर छोटासा ७ तसाच होता.