चार्जर लावलाय, तरी बॅटरी शून्यावर: दोष जॅकचा की अडॅप्टरचा?

इंदूरला रामबागेत राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीचा लॅपटॉप आठ दिवस शून्य टक्क्यांवर अडकून होता. चार्जर लावलेला असेपर्यंत तो चालायचा, पण पिन जरा हलली की क्षणात बंद. तिने आधी नवा अडॅप्टर आणला, फरक पडला नाही. मग जेल रोडवरच्या एका दुकानात बॅटरी बदलायला सांगितली. पैसे मोजण्याआधी तिचा मला फोन आला, "दादा, एकदा तू बघ ना, मग घेते बॅटरी." तिच्याकडे बसून ज्या क्रमाने तपासलं, तोच क्रम इथे देतो. हे सगळं गोल पिनेच्या चार्जरबद्दल आहे. टाइप-सी चार्जरची गोष्ट वेगळी असते.

आधी एक समजून घ्या. लॅपटॉप चालतो पण बॅटरी चार्ज होत नाही, असं मुळात होतंच कसं? डेल आणि एचपीच्या अनेक लॅपटॉपांच्या चार्जरची पिन बघा. बाहेर धातूची गोल नळी असते आणि तिच्या बरोबर मध्ये सुईसारखी बारीक काडी असते. वीज नळीच्या आतल्या आणि बाहेरच्या पत्र्यातून जाते. मधली काडी वीज पुरवत नाही, ती फक्त ओळख सांगते: मी अमुक वॉटचा अडॅप्टर आहे. ही ओळख पोचली नाही तर लॅपटॉप कसाबसा चालतो, बऱ्याचदा हळू चालतो, पण बॅटरीत चार्ज घेत नाही. खालच्या कोपऱ्यातल्या बॅटरीच्या चित्रावर `Plugged in, not charging` असं काहीसं दिसतं. ओळख तुटण्याची जागा दोन ठिकाणी असू शकते. एक म्हणजे अडॅप्टरची वायर, दुसरी म्हणजे लॅपटॉपमधला जॅक. सगळा शोध या दोन जागांमधलाच आहे.

सुरुवात सोप्या गोष्टींनी करा. एक्स्टेंशन बोर्ड बाजूला ठेवून चार्जर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. भिंतीकडून येणारी जाड वायर अडॅप्टरच्या डब्यात जिथे शिरते, तिथे ती नीट दाबा. ही वायर ढिली राहिल्यामुळे माणसं नवा चार्जर घेऊन आलेली मी पाहिली आहेत. मग लॅपटॉप बंद करून अर्धा तास तसाच चार्जिंगला राहू द्या. बॅटरी पार रिकामी झालेली असेल तर ती सुरुवातीला अगदी हळू चार्ज घेते, त्यामुळे पहिली काही मिनिटं शून्यच दिसतं.

तरीही शून्यच असेल तर खरी तपासणी सुरू. ती विंडोजमध्ये करू नका, कारण लॅपटॉप मध्येच बंद पडला तर उघड्या फाइली खराब होऊ शकतात. चालू करताना डेलवर `F2` किंवा एचपीवर `F10` दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर, जा. बऱ्याच मॉडेलमध्ये तिथे अडॅप्टरची माहिती दिसते: `65W` असा आकडा आला तर ओळख पटली आहे, `Unknown` आलं तर नाही.

आता बॅटरी शून्यावर आहे याचा फायदा घ्या. तिच्यात आधार द्यायला काहीच नसल्यामुळे वीज क्षणभर जरी तुटली तरी लॅपटॉप लगेच बंद पडतो. म्हणजे लॅपटॉपच तुमचा मीटर झाला.

एका हाताने पिन जॅकमध्ये घट्ट धरा, अजिबात हलू देऊ नका. दुसऱ्या हाताने पिनेच्या मागची वायर सावकाश वाकवा, मग डब्याजवळची. वायर बहुतेक याच दोन टोकांना तुटते, कारण रोज गुंडाळताना तिथेच मुरड पडते. वाकवताच लॅपटॉप बंद पडला, किंवा अडॅप्टरचा दिवा लुकलुकला, तर दोष अडॅप्टरमध्ये.

नंतर उलट करा. वायर स्थिर ठेवा आणि पिन जॅकमध्ये हलकेच वर, खाली, डावीकडे, उजवीकडे हलवा. जोर लावू नका. पिन एका बाजूला दाबल्यावरच वीज येत असेल तर जॅक ढिला आहे. आणि लॅपटॉप बंद पडत नाही, पण एका बाजूला दाबल्यावर बायोसमध्ये `Unknown` ऐवजी वॉटचा आकडा येतो, तर जॅकमधला ओळखीचा संपर्क सैल झाला आहे. काही मॉडेलमध्ये आकडा आपोआप बदलत नाही, म्हणून पिन दाबून धरूनच बायोसमधून बाहेर पडा आणि पुन्हा आत या.

बहिणीच्या लॅपटॉपवर नेमकं हेच झालं. वायर कशीही वाकवली तरी काही नाही. पिन थोडी वर उचलून धरली की `65W`, सोडली की `Unknown`. टॉर्चच्या उजेडात जॅकमध्ये पाहिलं तर आतला गोल भाग एका बाजूला झुकलेला होता आणि त्याला धरणाऱ्या प्लास्टिकला चीर गेली होती. ती पलंगावर पाय पसरून अभ्यास करते, वायर रोज पांघरुणाखाली ओढली जाते, त्या ताणाने ते झालं होतं.

खात्रीसाठी अदलाबदल केली. शेजारच्या काकूंच्या मुलाकडे त्याच पिनेचा, तितक्याच व्होल्टचा आणि वॉटचा लॅपटॉप होता. बहिणीचा जुना अडॅप्टर त्याच्या लॅपटॉपला लावला, बॅटरी चार्ज होऊ लागली. त्याचा अडॅप्टर हिच्या लॅपटॉपला लावला, तर शून्यच. दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर शंका उरली नाही. एकाच बाजूने तपासून निर्णय घेऊ नका, विशेषतः नवा अडॅप्टर स्वस्तातला नकली असेल तर. त्यात ओळखीची चिप नसते किंवा नीट चालत नाही, आणि चांगल्या जॅकवरही चार्जिंग होत नाही.

मल्टिमीटर असेल तर डीसी व्होल्टवर ठेवून काळी काडी पिनेच्या बाहेरच्या पत्र्याला आणि लाल आतल्या पत्र्याला लावा. डब्यावर लिहिलेला आकडा, बहुधा १९.५ व्होल्टच्या आसपास, आला पाहिजे. लाल काडीने मधली बारीक काडी आणि आतला पत्रा जोडला जाणार नाही याची फार काळजी घ्या, ओळखीची चिप जळू शकते. व्होल्ट बरोबर आले म्हणून अडॅप्टर निर्दोष ठरत नाही, कारण ओळखीच्या तारेबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही आणि भार आल्यावर व्होल्ट पडूही शकतात. अडॅप्टरचा डबा मात्र उघडू नका. आत प्लग काढल्यावरही धोकादायक व्होल्टेज साठलेलं असू शकतं.

जॅकपाशी हात लावून पाहा. चटका बसतोय, प्लास्टिक पिवळसर झालंय किंवा जळका वास येतोय, तर त्याच क्षणी चार्जर काढा आणि दुरुस्तीपर्यंत लावू नका. ढिल्या संपर्कातून जाणारी वीज तिथेच उष्णता करते.

दुकानात जाताना "चार्ज होत नाही" एवढंच सांगू नका. "अडॅप्टर दुसऱ्या लॅपटॉपवर चालतो, पिन वर धरली की ओळखतो, जॅक बघा," असं सांगा. आणि विचारा, जॅक वायरवर आहे की बोर्डावर झाळलेला? वायरवरचा असेल तर जुना काढून नवा लावणं अर्ध्या तासाचं काम. झाळलेला असेल तर बोर्ड बाहेर काढून गरम करावा लागतो, ते सरावाच्या हातांनाच द्यावं.

बहिणीचा जॅक वायरवरचा निघाला. दुसऱ्या दुकानदाराने तिच्यासमोरच तो बदलला आणि जुना अडॅप्टर लावला. शून्य बराच वेळ तसंच राहिलं. विसाव्या मिनिटाला १ टक्का दिसला आणि नवीन बॅटरीसाठी ठेवलेले पैसे तिने परत पर्समध्ये टाकले.

ओळख पटली, वायर ठीक, जॅक घट्ट, तरी शून्यच असेल, तेव्हाच बॅटरीवर संशय घ्या. कमांड प्रॉम्प्टमध्ये हे टाका:

```
powercfg /batteryreport
```

तयार होणाऱ्या अहवालात `DESIGN CAPACITY` आणि `FULL CHARGE CAPACITY` शेजारी ठेवून बघा. दुसरा आकडा पहिल्याच्या अगदी छोट्या भागावर आला असेल, तर बॅटरी बदलायची वेळ आली आहे.